साडेएकोणीस म्हणजे १९.३० नव्हे

माझ्याकडे भटकंतीची एक जुनी वही आहे. गड, घाटवाटा, पाण्याची टाकी, चुकायला हमखास जागा असलेले फाटे अशा पन्नासेक ठिकाणांची नोंद तिच्यात आहे आणि प्रत्येक नोंदीपुढे अक्षांश-रेखांश. कळसूबाईच्या पानावर लिहिलंय: १९°३६'०४" उत्तर, ७३°४२'३३" पूर्व. मागच्या पावसाळ्यात भाच्याला म्हटलं, हे सगळं मोबाइलच्या नकाशावर चढव, म्हणजे वही फाटली तरी चिंता नको. दुपारभर बसून त्याने काम उरकलं आणि संध्याकाळी फोन समोर धरून म्हणाला, "मामा, तुमची कळसूबाई डोंगर उतरून मुरबाडकडे निघालीय."

खरंच निघाली होती. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, आणि नकाशावरची खूण पडली होती ठाणे जिल्ह्यात, शहापूर आणि मुरबाड यांच्या मधल्या मुलखात. अंतर मोजलं तर जवळजवळ ४० किलोमीटर. भाच्याने टाकलेले आकडे बघितले तेव्हा उलगडा झाला. ॲपला अंशाची खूण, मिनिटाची खूण असलं काही लागत नाही, नुसता टिंबाचा आकडा चालतो, एवढं त्याला कुठूनतरी कळलं होतं. म्हणून त्याने खुणा गाळल्या, एक टिंब दिलं आणि बाकीचे अंक ओळीने लिहून टाकले: १९.३६०४, ७३.४२३३.

यातला एकही अंक चुकलेला नाही. पण उत्तर साफ चुकलेलं आहे, आणि गंमत म्हणजे दिसायला ते अगदी बरोबर दिसतं. ॲप तक्रार करत नाही. १९.३६०४ हा अक्षांश जगात आहेच, फक्त तो आपला नाही.

गोम अशी, की अंशाच्या खुणेनंतरचे अंक साठाच्या हिशेबातले असतात आणि टिंबानंतरचे दहाच्या. एका अंशाची ६० मिनिटं, एका मिनिटाचे ६० सेकंद. ही साठाची मोजणी बाबिलोनियाकडून आली आणि खगोलाच्या गणितात हजारो वर्षं टिकली. 'मिनिट' आणि 'सेकंद' हे शब्दही त्याच हिशेबातले आहेत. लॅटिनमध्ये अंशाच्या पहिल्या बारीक भागाला जे नाव होतं त्यातला 'बारीक' हा शब्द उरला आणि त्याचं मिनिट झालं. दुसऱ्या बारीक भागाच्या नावातला 'दुसरा' उरला आणि त्याचा सेकंद झाला. आपल्याकडे हेच अंश, कला, विकला. ग्रहांचे स्पष्ट भोग दिलेलं पंचांग उघडलं तर रवी अमुक राशीत इतके अंश, इतक्या कला, इतक्या विकला असंच छापलेलं असतं. साठ विकलांची कला, साठ कलांचा अंश. ज्याच्या घरात पंचांग वाचायची सवय आहे त्याला हा लेख अर्धा आधीच येतो.

उरलेला अर्धा घड्याळ शिकवतं. साडेसात वाजले म्हणजे घड्याळात ७:३० दिसतात, पण कामाचे तास मोजताना आपण साडेसात तास म्हणजे ७.५ लिहितो, ७.३० लिहीत नाही. सव्वा म्हणजे १५ मिनिटं आणि दशांशात .२५. पावणे म्हणजे ४५ मिनिटं आणि .७५. मराठी माणसाच्या तोंडात सव्वा, साडे, पावणे इतके रुळलेले आहेत की हा दशांशाचा फेरफार आपण नकळत करत असतो. आपली भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखांशावर बेतलेली आहे तो ८२°३०' पूर्व, म्हणजे साडेब्याऐंशी अंश. दशांशात ८२.५. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून ८२.५ ला १५ ने भागलं की बरोबर साडेपाच तास निघतात आणि ग्रिनिचपेक्षा आपण साडेपाच तास पुढे का, ते कळतं. ८२.३० घेऊन भागून बघा, साडेपाच येत नाहीत.

आता कळसूबाईचा हिशेब नीट मांडू. अक्षांश १९ अंश, ३६ मिनिटं, ४ सेकंद. पूर्ण अंश तसेच राहतात. मिनिटांना ६० ने भागायचं: ३६ भागिले ६० म्हणजे ०.६. सेकंदांना ३६०० ने भागायचं, कारण सेकंद हा साठाव्या भागाचा साठावा भाग: ४ भागिले ३६०० म्हणजे ०.००१११. तिन्हींची बेरीज १९.६०१११. रेखांशाचंही तसंच. ४२ भागिले ६० म्हणजे ०.७, ३३ भागिले ३६०० म्हणजे ०.००९१७, बेरीज ७३.७०९१७. ॲपच्या शोधाच्या चौकटीत टाकायचं ते असं:

```
19.60111, 73.70917
```

कागदावर किंवा साध्या कॅल्क्युलेटरवर करायचं असेल तर मला मागून पुढे येणारी रीत सोपी वाटते. शेवटचे ३३ सेकंद घ्या, ६० ने भागा, ०.५५ आले. त्यात ४२ मिनिटं मिळवा, ४२.५५. पुन्हा ६० ने भागा, ०.७०९१७. त्यात ७३ मिळवा. ३६०० हा आकडा आठवायचीही गरज नाही आणि मधल्या पायरीवर आलेलं ४२.५५ पुढे एका वेगळ्याच कामाला येणार आहे.

इथे एक अर्धवट चूक वरचेवर होते. मिनिटांना ६० ने भागणं लक्षात राहतं आणि सवयीने सेकंदांनाही ६० नेच भागलं जातं. मग ३३ सेकंदांचे ०.५५ अंश होतात, ते ०.७ मध्ये मिळवले की १.२५, आणि कळसूबाईचा रेखांश ७४.२५ होऊन शिखर ५६-५७ किलोमीटर पूर्वेला जातं. ही चूक पकडायला एक साधी खूणगाठ पुरते: मिनिटं-सेकंद मिळून जो दशांश भाग तयार होतो तो कधीही एकाएवढा किंवा एकापेक्षा मोठा होत नाही. पूर्ण अंशाचा आकडा जर बदलला, ७३ चा ७४ झाला, तर गणित चुकलंच.

सेकंदभराची चूक जमिनीवर केवढी, हे एकदा मनात बसलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर. त्याचं एक मिनिट सुमारे १.८४ किलोमीटर आणि एक सेकंद जेमतेम ३१ मीटर. दर्यावर्दी लोकांचा सागरी मैल या एका मिनिटावरूनच आला. तो आता १८५२ मीटर असा ठरवून दिलेला आहे. रेखांशाचे अंश मात्र उत्तरेकडे जाताना आवळत जातात, कारण सगळ्या रेखांशरेषा ध्रुवाशी जाऊन मिळतात. कळसूबाईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटर भरतो आणि सेकंद २९ मीटर.

म्हणजे सेकंद पूर्णांकात लिहिलेली नोंद खरी जागा फार तर १५ मीटर इकडेतिकडे दाखवते. दशांशात टिंबानंतरचा चौथा अंक ११ मीटरचा, पाचवा साधारण मीटरभराचा, सहावा वीतभराहूनही कमी. मग वहीतल्या सेकंदांच्या नोंदीला पाच दशांश स्थळं भरपूर झाली. कॅल्क्युलेटर १९.६०११११११ असं भरभरून दाखवतो म्हणून ते सगळं उतरवून घेणं म्हणजे अंदाजे सांगितलेल्या वयाला तास आणि मिनिटं जोडण्यासारखं आहे. उलट बाजूने, नोंद नुसत्या मिनिटांपर्यंत असेल तर दशांशात कितीही अंक लिहा, जागा किलोमीटरभराच्या घोळातच राहणार. रूपांतराने नोंद सुधारत नसते. तिची भाषा तेवढी बदलते.

परत भाच्याच्या चुकीकडे येतो, कारण ती सर्वांत जास्त होणारी चूक आहे आणि तिला एक ठरलेली वागणूक आहे. मिनिटांना ६० ऐवजी १०० ने भागल्यासारखं होतं. शंभराने भागलं की उत्तर नेहमी लहानच येतं, मोठं कधीच नाही. त्यामुळे भारतात अशी चुकलेली प्रत्येक खूण दक्षिणेला आणि पश्चिमेला सरकते. मिनिटं जितकी जास्त तितकी सरक मोठी: १५ मिनिटांना ०.१ अंश, म्हणजे ११ किलोमीटर. ३० ला ०.२ अंश, ५९ मिनिटांना ०.३९ अंश, म्हणजे ४० किलोमीटरच्या वर. मिनिटं शून्य असतील तर चूक जवळजवळ दिसतच नाही, आणि नेमक्या अशाच एखाद्या ठिकाणावर चाचणी घेऊन माणूस निर्धास्त होतो.

महाराष्ट्रात नैर्ऋत्येला सरकणं म्हणजे समुद्राकडे सरकणं. घाटावरचे गड कोकणात उतरतात आणि कोकणातले पाण्यात जातात. जंजिऱ्याचं उदाहरण बघा. मिनिटांपर्यंतची नोंद १८°१८' उत्तर, ७२°५८' पूर्व. बरोबर रूपांतर १८.३, ७२.९६७. नुसतं टिंब टाकलं तर १८.१८, ७२.५८, आणि किल्ला चाळीस किलोमीटर पश्चिमेला भर अरबी समुद्रात. जंजिरा आधीपासून पाण्यातच आहे हे मान्य, पण तिथून मुरूडचा किनारा दिसतो.

आता समजा, वही तुमच्यापाशी नाही. दुसऱ्या कुणी तयार केलेली दशांशातली यादी तेवढी हाती आली आहे. ती खरी दशांश आहे की टिंब टाकून केलेली नक्कल, हे कसं ओळखायचं? टिंबानंतरचे पहिले दोन अंक बघत जा. खऱ्या दशांशात तिथे ०० पासून ९९ पर्यंत काहीही येऊ शकतं, म्हणजे दहातले चार आकडे ६० किंवा त्याच्या वरचे असायला हवेत. नकलेत मात्र ते मिनिटं असल्यामुळे ५९ च्या पुढे कधी जातच नाहीत. दूरदूरच्या दहा गडांची यादी असेल, म्हणजे वीस आकडे, आणि त्यात एकदाही .६, .७, .८, .९ ने सुरू होणारा आकडा नसेल, तर तो योगायोग मानायला मी तयार होणार नाही. टिंबानंतरचा तिसरा-चौथा अंकही तसाच तपासता येतो, तिथे सेकंद बसलेले असतात. ही कसोटी एकाच तालुक्यातल्या ठिकाणांना लावू नका. सगळी ठिकाणं शेजारी असली तर पहिले दोन अंक सारखेच असणार. भाच्याच्या पन्नास नोंदींवर ही कसोटी लावली तेव्हा एक अपवाद सोडून सगळे आकडे ५९ च्या आत होते. त्या अपवादाकडे शेवटी येतो.

वहीत आणखी एक भानगड निघाली. काही पानांवर सेकंद नव्हतेच. तिथे लिहिलं होतं १९°३६.०६७'. हातात धरायच्या जुन्या जीपीएस यंत्रांवर मुळात हीच पद्धत लावलेली असायची आणि बोटीवरच्या यंत्रांवर ती आजही दिसते: अंश पूर्ण, मिनिटं दशांशात, सेकंद नाहीत. मघाशी मधल्या पायरीवर आलेलं ४२.५५ ते हेच. हिची वाट सोपी आहे, ३६.०६७ ला सरळ ६० ने भागायचं आणि १९ मध्ये मिळवायचं, झालं. पण वाचणाऱ्याला ती ३६ मिनिटं आणि ६.७ सेकंद वाटू शकते. खरी ती ३६ मिनिटं आणि ४ सेकंद आहे, कारण मिनिटाचा ०.०६७ भाग म्हणजे चार सेकंद. इथे फरक फक्त ८० मीटरचा पडला, पण काही आकड्यांना तो सातशे मीटरपर्यंत जातो. चाळीस किलोमीटरची चूक पाहताक्षणी हसू आणते. सातशे मीटरची चूक कड्याच्या चुकीच्या बाजूला नेऊन सोडते आणि आपण बरोबर आहोत असंच वाटत राहतं. म्हणून मिनिटाच्या आकड्यात टिंब असेल आणि त्याच्यापुढे तीन अंक असतील तर आधी दशांश मिनिटांचा संशय घ्यावा.

दिशेच्या अक्षराचं आपल्याला भारतात कधी काही वाटत नाही. आपण सगळे उत्तर आणि पूर्व, म्हणजे दोन्ही आकडे धन. दक्षिण आणि पश्चिम मात्र दशांशात ऋण लिहायची असतात. मॉरिशसमध्ये मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो, तिथलीच राजधानी पोर्ट लुई घेऊ: २०°१०' दक्षिण, ५७°३०' पूर्व. बरोबर रूपांतर उणे २०.१६७ आणि ५७.५. उणे चिन्ह विसरलं तर खूण विषुववृत्त ओलांडून ओमानच्या वाळवंटात पडते. ती चूक लगेच दिसते. दुसरी चूक जास्त लबाड आहे. आधी उणे २० लिहायचं आणि मग त्यात १० भागिले ६० मिळवायचं. उणे २० अधिक ०.१६७ म्हणजे उणे १९.८३३. मिनिटांनी आपल्याला विषुववृत्तापासून आणखी दूर न्यायला हवं होतं, त्यांनी उलट जवळ आणलं. खूण ३७ किलोमीटर उत्तरेला, बेटाचं टोक ओलांडून समुद्रात. म्हणून सगळी बेरीज धन आकड्यांत पुरी करावी आणि उणे चिन्ह अगदी शेवटी, एकदाच, संपूर्ण उत्तराला लावावं.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी यात एक खास सापळा आहे. लंडन ०°०७' पश्चिम. अंशाच्या रकान्यात कुणी उणे शून्य लिहिलं तर बहुतेक ठिकाणी पूर्णांक म्हणून ते नुसतं शून्य होतं आणि पश्चिमेचं लंडन सोळा किलोमीटर पूर्वेला सरकतं. चिन्ह अंशांवर ठेवायचं नाही, दिशेच्या अक्षरावरून ठरवायचं, हा त्यावरचा उपाय. एक्सेल किंवा गुगल शीट्समध्ये चार रकाने करा: पहिल्यात अंश, दुसऱ्यात मिनिटं, तिसऱ्यात सेकंद, चौथ्यात N, S, E, W यातलं एक अक्षर. मग दुसऱ्या ओळीसाठी सूत्र असं:

```
=IF(OR(D2="S",D2="W"),-1,1)*(A2+B2/60+C2/3600)
```

आमची वही आम्ही अशीच परत चढवली. पण तत्पूर्वी भाच्याने एक युक्ती काढली, ती मला फार आवडली. शीटच्या एका घरात, समजा A2 मध्ये, 73:42:33 असं लिहायचं. शीटला ती वेळ वाटते, त्र्याहत्तर तास, बेचाळीस मिनिटं, तेहतीस सेकंद. ही शीट्स वेळ आतल्या आत दिवसांत साठवतात. तेव्हा शेजारच्या घरात =A2*24 लिहून त्या घराचा प्रकार साधी संख्या असा निवडला की ७३.७०९१७ हजर. मी त्याला घड्याळावरून अंश समजावत होतो आणि त्याने घड्याळाकडूनच गणित करून घेतलं. यात उणे आकड्यांची आणि दिशांची सोय नाही, पण भारतातल्या यादीला चालून जातं.

खरं तर एकेकटं ठिकाण शोधायचं असेल तर हे काही न करताही भागतं. गुगल मॅप्सच्या शोधात अंश-मिनिटं-सेकंद खुणांसकट टाकले तरी ते समजून घेतं:

```
19°36'04"N 73°42'33"E
```

प्रश्न येतो तो यादी करताना, फाइल चढवताना, स्वतःचं ॲप बनवताना. तिथे दशांशच लागतो, आणि तिथेच क्रमाचाही घोळ होतो. बोलताना आपण आधी अक्षांश मग रेखांश म्हणतो, शोधाची चौकटही तोच क्रम मानते. पण जिओजेसन नावाच्या, नकाशाच्या कामात सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या फाइलीत क्रम उलटा ठरवलेला आहे: आधी रेखांश, मग अक्षांश. गणिताच्या आलेखात क्ष आधी आणि य नंतर, त्या चालीवर. महाराष्ट्रातलं ठिकाण उलट्या क्रमाने वाचलं गेलं तर ७३ उत्तर, १९ पूर्व होतं, म्हणजे नॉर्वेच्याही उत्तरेला, थंडगार समुद्रात, बेअर बेटाच्या दक्षिणेला. तिकडे तुमच्या खुणा थव्याने जमलेल्या दिसल्या की गणित तपासत बसू नका, फक्त जागा बदला. भारताचा अक्षांश ३८ च्या आत आणि रेखांश ६८ च्या वर असतो, त्यामुळे आपल्याकडे कुठला आकडा कुठला, हे नुसतं बघून सांगता येतं.

उलट दिशेचं रूपांतर, म्हणजे दशांशातून अंश-मिनिटं-सेकंद, थोडक्यात सांगतो. १९.६०१११ मधले १९ बाजूला ठेवा, उरलेल्या ०.६०१११ ला ६० ने गुणा, ३६.०६६६ आले, ३६ मिनिटं ठेवा, उरलेल्या ०.०६६६ ला परत ६० ने गुणा, चार सेकंद. खटकणारी गोष्ट फक्त काठावर होते. १८.९९९९९ घेतलं तर १८ अंश, ५९ मिनिटं, ५९.९६ सेकंद येतात, आणि सेकंद पूर्णांकात आणले की १८°५९'६०" असं न शोभणारं उत्तर छापलं जातं. ते टाळायला आधी सगळ्याचे सेकंद करून ते पूर्णांकात आणावेत आणि मग त्यांची मिनिटं-अंश करावीत. मग सरळ १९°००'००" मिळतं.

सगळं गणित चोख करूनही खुणा हटून बसतात, असाही एक प्रकार आहे. वहीतल्या काही नोंदी मी यंत्रावरून घेतल्या नव्हत्या, सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटवरून पट्टीने मोजून काढल्या होत्या. कळसूबाईचा भाग ४७ ई/१० या शीटवर येतो. अशा पन्नास हजारी शीटची प्रत्येक बाजू १५ मिनिटांची, म्हणजे पाव अंशाची असते. ही शीट अक्षांशात साडेएकोणीस ते पावणेवीस आणि रेखांशात साडेत्र्याहत्तर ते पावणेचौऱ्याहत्तर. सव्वा-साडे-पावणे असे जोडलेले नकाशे पाहिले की मला उगाच आपल्यासाठीच कापल्यासारखे वाटतात. पण जुन्या शीटवरचे अंश मोबाइलच्या अंशांशी तंतोतंत जुळत नाहीत. त्या शीट पृथ्वीच्या ज्या आकारावर बेतल्या आहेत तो १८३० सालचा, एव्हरेस्टच्या नावाचा. जीपीएस आणि मोबाइल ज्यावर चालतात ती जागतिक पद्धत वेगळी, डब्ल्यूजीएस ८४. एकच दगड दोन्ही पद्धतींत दोन किंचित वेगळे अक्षांश-रेखांश दाखवतो, आणि आपल्याकडे तो फरक जमिनीवर शंभर मीटरच्या आसपास भरतो. २००५ च्या नकाशा धोरणानंतर निघालेल्या नागरी वापराच्या शीट नव्या पद्धतीवर आहेत, त्यांत हा प्रश्न नाही. ६० ने भागून हा फरक जात नाही, त्याला वेगळं रूपांतर लागतं. ओळखायची खूण अशी, की सगळी ठिकाणं एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकलेली दिसतात. आकडे वाचायची चूक असती तर मिनिटांप्रमाणे प्रत्येकाची सरक वेगळी असती.

मे २००० च्या आधीच्या यंत्रावरच्या नोंदींचं दुखणं आणखी निराळं. तोवर अमेरिकी सरकार नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जाई. ती सरक कुठल्याच एका दिशेची नसते, त्यामुळे ती परत काढून टाकताही येत नाही. वहीतल्या पहिल्या सहा-सात पानांवर मी पेन्सिलीने तारखेभोवती गोल केले आणि सोडून दिलं.

आता तो अपवाद. सांदणच्या पानावर 'पाणी' असं लिहून पुढे आहे: १९°५२', ७३°६७'. मिनिटं ६७ असूच शकत नाहीत. भाचा म्हणाला, ३७ असेल, किंवा ५७, तुम्हीच घाईत चुकीचं लिहिलंत. मला ते पटेना, कारण वहीत माझा तीन आणि सहा एकमेकांसारखे कुठेच दिसत नाहीत. मग लक्षात आलं, की त्या दिवशी यंत्र माझ्या मित्राचं होतं आणि त्यावर पद्धत वेगळी लावलेली असणार. पडद्यावर दिसत होतं १९.५२, ७३.६७, आणि मी हाताच्या सवयीने टिंबाच्या जागी अंशाची खूण आणि पुढे मिनिटाची रेघ ओढली. भाच्याने केलेल्या चुकीचा हा उलटा अवतार, आणि तो माझाच. हे आकडे मिनिटं धरले असते तर अक्षांश १९.८६७ झाला असता, खूण घोटीहूनही उत्तरेला गेली असती. दशांश म्हणून जसेच्या तसे टाकले तर ती साम्रद गावाच्या आसपास पडते. सांदण दरीत उतरायची वाट तिथूनच.

ठिकाण सापडलं, पाणी मात्र नाही. टिंबापुढे दोनच अंक असल्याने ती जागा किलोमीटरभर लांब-रुंद चौकोनात कुठेही असू शकते, आणि त्या चौकोनात दरीही आली. ॲपमध्ये त्या खुणेच्या नावापुढे आम्ही तूर्त प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय.